जुनं पुस्तक लहान होत चाललंय

बुधवार, रात्रीचे पावणेदोन.

परत तीच कादंबरी. सहावी वेळ की सातवी, मोजणं केव्हाच सोडलंय. कव्हर सुटलंय, मधली दोन पानं चिकटपट्टीवर तगून आहेत. उशाशी नवीन पुस्तक पण आहे, महिना झाला, बुकमार्क पान ३८ वर आहे आणि तिथून हलायला तयार नाही.

नवीन वाचायला घेतलं की माझं काय होतं ते आज नीट बघितलं. पहिल्या वीस पानांत सात माणसं आली, कोण कुणाचा भाऊ, घर कुठल्या काळातलं, सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे सगळं डोक्यात धरून ठेवायचं असतं आणि नेमकी तीच जागा माझ्या काळजीने आधीच अडवलेली असते (उद्याचा रिपोर्ट, न आलेला फोन, जे काय असेल ते). म्हणून एकच परिच्छेद चार वेळा वाचून होतो आणि हाती काही लागत नाही. हा आळस नाहीये. अँक्झायटी वर्किंग मेमरीचा, म्हणजे डोक्यातल्या कच्च्या पाटीचा, बराच भाग खाते हे मानसशास्त्रात चांगलं माहीत आहे. जुन्या पुस्तकात ती पाटी आधीच लिहिलेली असते, मला फक्त नजर फिरवायची असते. शिवाय पुढे काय होणार ते माहीत असतं, आणि माझ्यासारख्याला त्रास वाईट गोष्टीपेक्षा 'कळत नाहीये' याचाच जास्त होतो.

म्हणजे जुनंच वाचावं, मिटला विषय, असं मलाही वाटत होतं. पण आज एक गोष्ट लक्षात आली आणि जरा चरकलोच.

या कादंबरीत वडील आजारी पडतात. मागे एकदा वाचताना मी हॉस्पिटलची दोन पानं गाळली, म्हटलं आज नको. पुढच्या वेळी अख्खा चॅप्टर गाळला. आज तर त्याच्या आधी जे पत्र येतं ना, तिथेच थांबलो आणि परत पहिल्या पानावर गेलो. पत्रात काहीच वाईट नाहीये! पण त्या पत्रानंतर काय येतं ते मला माहितीये, म्हणून आता पत्राचीच भीती. तीनशे पानांचं पुस्तक माझ्यापुरतं एकशेचाळीस पानांचं झालंय. टाळायला लागलो की टाळायची यादी वाढतच जाते, हे लिफ्टच्या बाबतीत मला थेरपिस्टने सांगितलं होतं. पुस्तकाच्या बाबतीत तसं होईल असं डोक्यातच आलं नाही.

आणि अजून एक. आधी ते वाचून झोप यायची, आता फक्त 'बरं, सगळं जागच्या जागी आहे' एवढं होतं, जसं गॅस बंद आहे का ते परत परत बघतो तसं. ते वाचन नव्हेच, ती तपासणी.

शनिवार, सकाळ.

ताईला हे सांगितलं तर म्हणाली, मग नव्याचा शेवट आधी वाचून टाक की. मला आधी पाप केल्यासारखं वाटलं. पण लेव्हिट आणि ख्रिस्टनफेल्ड या मानसशास्त्राच्या दोन संशोधकांनी २०११ मध्ये एक प्रयोग छापला होता, त्यात १२ कथा होत्या, काही वाचकांना शेवट आधीच सांगून टाकला होता आणि एकंदरीत त्यांनाच कथा जास्त आवडल्या. (नंतरच्या काही प्रयोगांत उलटंही निघालंय, त्यामुळे हा काही ब्रह्मवाक्य वगैरे नाही. आणि ते वाचक मुद्दाम माझ्यासारखे घाबरट निवडलेले नव्हते.) मला मजा वाढवायची नाहीच आहे, मला फक्त पान ३९ गाठायचंय.

तर शेवटची सहा पानं वाचली. कोण जिवंत राहतं ते कळलं, कसं ते नाही. मग एका चिठ्ठीवर सातही नावं आणि नाती लिहून ती चिठ्ठीच बुकमार्क केली, म्हणजे पाटी डोक्याबाहेर. आणि सकाळीच वाचायचं, वीस पानं, रात्री नाही, कारण रात्री माझं डोकं कुठल्याही पात्राला मारायला टपलेलं असतं.

आज ५८ वर आलो. मध्ये एकदा छातीत धडधडलं, शेवट माहीत असूनही, हे भारीच आहे. पुस्तक मिटलं नाही, दोन मिनिटं बाजूला ठेवलं आणि परत हातात घेतलं. खरंच झेपलं नसतं तर सोडलं असतं, तेवढी मुभा ठेवलीये, पण मग पुस्तक सोडायचं, पानं गाळायची नाहीत.

जुनी कादंबरी रात्रीसाठी आहेच, ती कुठे जातीये. फक्त आज रात्री पत्रापासून सुरू करणार आहे. हॉस्पिटलच्या पहिल्या पानापर्यंत तरी. ताईला मेसेज करून ठेवलाय तसा, नाहीतर मी परत पान एकवर जाऊन बसेन.