पाठवणीच्या वेळी मी आई-आप्पांना काय बोलले

माझं लग्न डिसेंबरात झालं, सुगी आटोपल्यावर. माहेर बेळगावजवळचं येळ्ळूर, सासर गडहिंग्लज. संकेश्वरवरून गेलं तर दोन तासांच्या आतली वाट, पण मध्ये राज्य बदलतं.

लग्नाच्या काही महिने आधी चुलतबहिणीचं लग्न झालं होतं. तिच्या पाठवणीला मंडपवाल्यानं हातात माईक दिला, मागे सनईची धून लावली आणि तिनं मोबाइलवर लिहून आणलेलं वाचलं. चांगलं लिहिलं होतं तिनं. पण काका एवढ्या लोकांसमोर हात बांधून उभे होते, बक्षीस समारंभात उभं राहतात तसे. ती काय बोलली ते त्यांनी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. व्हिडिओ मात्र झकास आला. तेव्हाच ठरवलं की मला बोलायचं आहे, पण असं नाही.

मग बसून विचार केला की लग्नात नवरी आई-वडिलांशी बोलते कुठे? कुठेच नाही. मंगलाष्टकं इतर म्हणतात, कन्यादानाचा संकल्प वडील सोडतात. निघायच्या आधी झाल होते, तेव्हा कणकेचे दिवे लावलेली वेळूची टोपली सासरच्या माणसांच्या डोक्यावर एकेक करून ठेवतात आणि भटजी जो श्लोक म्हणतात त्याचा अर्थ असा, की ही आठ वर्षांची कन्या मी मुलासारखी वाढवली, आता तुमच्या मुलाला दिली, तिला मायेनं सांभाळा. मी सव्वीस वर्षांची. पण ते सोडा. मुद्दा असा की तिथंही बोलणं बापाचं आणि तेही व्याह्यांशी. नवरी गप्पच. तिच्या वाट्याला एकच शब्द येतो, ‘येते’. म्हणजे जे काही बोलायचं त्याला ना ठरलेली वेळ, ना ठरलेले शब्द. दोन्ही आपणच शोधायचे.

पहिला मसुदा दीड पानाचा झाला. आई खोलीत आली आणि म्हणाली, “काय लिहुलालीस ग्ये एवढं?” मी म्हटलं, ऑफिसचं. दुसऱ्या दिवशी वाचलं तर लाजच वाटली. ‘तुम्ही माझ्यासाठी खूप कष्ट केलेत’, ‘तुमचे संस्कार’, ‘आजवर जे काही मिळालं ते तुमच्यामुळे’. दहावीच्या निरोप समारंभात मी शिक्षकांबद्दल हेच बोलले होते. घरात आम्ही ‘तुमचे संस्कार’ असं आयुष्यात कधी म्हटलेलं नाही. आप्पांनी ते ऐकून इकडंतिकडं बघितलं असतं, कुणाबद्दल चाललंय म्हणून.

मग मी एकेक वाक्य घेऊन बघितलं, हे शेजारची पोरगी तिच्या बापाला म्हणू शकेल का? म्हणू शकत असेल तर खोडलं. दीड पानातल्या चार ओळी उरल्या.

त्यातली एक माफीची होती. कॉलेजात असताना बँकेत एक कानडी फॉर्म भरताना मी आईला काउंटरसमोर म्हटलं होतं, “तू गप बस, तुला काय कळतंय.” ती गप बसली. घरी आल्यावरही काही बोलली नाही. सात वर्षं ते माझ्या मनात होतं. पाठवणीला ते बोलून मोकळं व्हावं असं वाटत होतं. पण जरा विचार केल्यावर कळलं की हे तिथं बोलणं म्हणजे माझं ओझं काढून तिच्या हातात देणं आहे, आणि तेही जेव्हा तिला उत्तर द्यायला सवड नाही तेव्हा. त्या गर्दीत ती ‘जाऊ दे’ याशिवाय काय म्हणणार? म्हणून हळदीच्या आदल्या रात्री, ती रुखवताचे लाडू डब्यात भरत होती तेव्हा, शेजारी बसून सांगितलं. “बँकेत तुला बोलले होते बघ, चुकलं माझं.” तिनं लाडू भरता भरता म्हटलं, “मला आठवतंय. त्या दिवशी तू पोपटी ड्रेस घातली होतीस.” मग थोड्या वेळानं म्हणाली, “माझ्या आईला मी ह्याच्यापेक्षा वाईट बोललेय,” आणि ते काय, ते तिनं अर्धा तास सांगितलं. पाठवणीच्या दारात हे घडलंच नसतं.

आणखी एक ओळ खोडली ती वेगळ्या कारणानं. ‘आता मी परकी झाले’ असं लिहिलं होतं. ऐकायला भरून येतं, पण ते खरं नव्हतं, आणि शेजारी सासूबाई उभ्या असणार. त्यांना ते कसं ऐकू जाईल? तसंच ‘तिकडं कसं होईल माहीत नाही’ हेही. पाठवणीत आपण आई-वडिलांशी बोलत असलो तरी ऐकणारी दोन घरं असतात.

राहिले आप्पा. आप्पा उद्यमबागला फौंड्रीत तीस वर्षं काम करून निवृत्त झाले. मराठी शाळा सातवीपर्यंत. कानडी बोलतात, वाचता येत नाही. आमच्याकडं सरकारी कागद येतो तो कानडीत. केईबीचं लाइटबिल, जमिनीचा उतारा, रेशनचं, पंचायतीची नोटीस. मी सहावीत असल्यापासून ते सगळं मीच वाचून सांगते. संध्याकाळी चहा झाला की आप्पा कागद पुढं ठेवतात आणि चष्मा पुसतात. चष्मा त्यांना लागत नाही त्या कामाला, वाचायचं मी. पण पुसतात.

लग्न ठरल्यापासून त्यांनी एकदाही कागद पुढं ठेवला नव्हता. केईबीचं बिल शेजारच्या पोराकडून वाचून घेतलं, हे मला नंतर कळलं. ते सवय करून घेत होते. माझी सगळी पाठवणी त्या एका गोष्टीत होती, आणि ‘तुम्ही माझ्यासाठी खूप केलंत’मध्ये ती कुठंच येत नव्हती.

म्हणून त्यांच्यासाठी वाक्य असं केलं: “आप्पा, उताऱ्याचे कागद कपाटात वरच्या खणात निळ्या फाइलीत आहेत. कानडी काही आलं तर फोटो पाठवा, दुसऱ्याला दाखवू नका. मीच वाचणार.” आईसाठी: “आई, रविवारी दुपारी मी फोन करीन, तेव्हा तू जेवून बसलेली असायला पाहिजेस.” बास. कुठंही आभार नाहीत. लिहिलं तसंच, घरी बोलतो तसं म्हणून बघितलं, न्हाणीघरात, पाणी सोडून. पहिल्या दिवशी ‘मीच वाचणार’ला आवाज गेला. पाच-सहा दिवसांनी जायचा थांबला. रडू येऊ नये असं नव्हतं, पण वाक्य पुरं व्हायला पाहिजे होतं.

वेळेचं आधी ठरवून ठेवलं. गाडीच्या दारात बोलायचं नाही. तिथं वाजंत्री असते, ड्रायव्हर घाई करतो आणि आत्तीचा हात आपल्या पाठीवर असतो. आईला गाठायची जागा ओटी भरताना, तेव्हा ती समोर असते, तिचा चेहरा आपल्या चेहऱ्यापासून हातभर आणि दोघींचे हात तांदूळ-नारळात गुंतलेले. कुणी मिठी मारा म्हणत नाही. व्हिडिओवाल्याला सकाळीच चुलतभावाकरवी सांगितलं होतं की ओटीचे फोटो घे, पण जवळ येऊ नको, लाइट मारू नको. तो “मग आठवण कशी राहील?” म्हणाला. राहते.

आईचं तसंच झालं. खण-नारळ पदरात पडले, ती कुंकू लावायला वाकली आणि मी वाक्य म्हटलं. ती म्हणाली, “रविवारी? बरं. पण भाकरी भाजायला एक वाजतो.” “मग दीडला करते.” “दोनला कर.” एवढंच. दोघींचेही डोळे भरले होते, पण आम्ही वेळ ठरवत होतो.

आप्पांचं गणित चुकलं. झाल झाल्यावर त्यांना खोलीत बोलवायचं असं माझ्या मनात होतं. पण साडेचारला कार्यालय रिकामं करायचं होतं, आणि आप्पा गायब. काकू शोधायला गेली तर ते मागं आचाऱ्याशी हिशोब करत होते, उरलेले मांडे कुणाच्या टोपलीत गेले म्हणून. पाठवणीच्या वेळी बापाला हमखास असं एखादं काम सापडतं. एव्हाना मी गाडीपाशी पोचले होते, आणि आत्ती कानात म्हणत होती, “रड की ग्ये जरा, लोकं काय म्हणतील.” मी चुलतभावाला म्हटलं, आप्पा आल्याशिवाय मी गाडीत बसत नाही. सासऱ्यांनी ते ऐकलं आणि त्यांनीच ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं. त्यांच्याबद्दलचं माझं मत त्या क्षणी पक्कं झालं.

आप्पा आले, खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसत. वाजंत्री चालूच होती. मी जवळ जाऊन सुरू केलं. “आप्पा, उताऱ्याचे कागद कपाटात वरच्या खणात निळ्या फाइलीत आहेत.” ते बघत राहिले. “कानडी काही आलं तर फोटो पाठवा...” इथं आवाज गेलाच. न्हाणीघरातली तयारी इथं चालली नाही. उरलेलं ‘मीच वाचणार’ निघालंच नाही. मी नुसती त्यांच्या सदऱ्याची बाही धरून उभी राहिले.

आप्पा म्हणाले, “फोटो मला काढता येतोय. पाठवायचं कसं, ते तू दाखवलं नाहीस.”

मागं कुणीतरी हसलं. मी फोन मागितला, आणि गाडीच्या दारात, हिरव्या चुड्याच्या हातानं, त्यांना ती पेपरक्लिपची खूण दाखवली. दोनदा. त्यांनी तिसऱ्यांदा स्वतः करून बघितलं, आणि माझ्या चपलांचा फोटो मला आला. मग मी आईकडं बघून म्हटलं, “येते.” गल्लीतली कानडी बोलणारी आज्जी शेजारी होती, तीही तेच म्हणाली तिच्या भाषेत, “होगि बारव्वा.” जाऊन ये.

संकेश्वर येईपर्यंत मी रडले. तिथं चहाला थांबलो.

नवव्या दिवशी आप्पांचा पहिला फोटो आला. कागद आडवा, निम्म्यात त्यांचा अंगठा. खाली लिहिलेलं, ‘हे काय हाय बघ ग्ये.’ मोठं करून बघितलं तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाची जाहिरात होती, गोडेतेल आणि साबणाच्या भावाची. वर तेलाच्या डब्याचं आणि साबणाच्या वडीचं चित्र छापलेलं. मी त्यांना एकेक भाव वाचून दाखवला.