पेन्सिलीचा तुकडा

माझ्या आत्याच्या कपाटात अकरा कोऱ्या चादरी आहेत. सगळ्या भेट आलेल्या. परगावी सोलापुरी चादर नेली की लोक ती उलटसुलट करून बघतात, दोन्ही बाजूंना तीच नक्षी आणि रंग तेवढे अदलाबदल झालेले बघून खूश होतात. पण सोलापुरातच, बाळीवेशीत जन्म काढलेल्या बाईला आणखी एक चादर द्यायची म्हणजे काशीत जाऊन गंगाजल वाटायचं.

यंदा तिची पंच्याहत्तरी होती. घरच्या ग्रुपवर सूचना सुरू झाल्या : शाल, चांदीचं निरंजन, पोथी, जपमाळ. ‘पंच्याहत्तर वर्षांची बाई’ म्हटल्यावर जे जे सुचतं ते सगळं त्यात होतं, फक्त आत्या कुठे नव्हती. मी गप्प राहिले, कारण माझं स्वतःचं पाप माळ्यावर पडून आहे. सहा वर्षांपूर्वी मी तिला मिक्सर दिला होता. शेंगाचटणी उखळात कुटताना तिचे हात दुखत असणार, असा माझा अंदाज. तिने तो एकदा लावून बघितला आणि खोक्यात परत ठेवला. कुटल्यावर दाण्याचं तेल सुटतं आणि चटणी मिळून येते, मिक्सरात नुसता भुगा होतो, हे तिने मला नंतर सांगितलं. मी तिचे कष्ट बघितले होते, ती कुटते कशासाठी ते विचारलंच नव्हतं.

या खेपेला आधी वहिनीला फोन केला. “आत्याला काय आवडतं गं?” “त्यांना कधी काय पाहिजे असतंय?” हे उत्तर सगळ्याच घरांत मिळतं. म्हणून प्रश्न बदलला : “काल दुपारी जेवल्यावर काय केलं तिने?” तर वहिनी दहा मिनिटं बोलत होती. पेपरातलं शब्दकोडं, ते सुटेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, पेन्सिल सापडली नाही की सगळ्यांवर राग.

मग एक रविवार गाठून गेले. बाहेर 42 अंशांचं ऊन, आत पंखा फुल्ल. आत्याने पेपराची चौघडी घातली, खाली मिठाईच्या खोक्याचं झाकण धरलं आणि बोटभर उरलेल्या पेन्सिलीने कोडं सोडवायला बसली. पंख्याने पेपराचं टोक उडायचं, ते ती कोपराने दाबायची. अक्षर फिकट उमटतं म्हणून जोर लावायची, की पेपराला भोक. “फाटलं बघ मेलं!” असं तासाभरात तिनदा झालं.

मला वाटतं, माणसाने जिथे झाकण, दोरी, रबरबँड लावून काम भागवलेलं असतं तिथे बघावं. पण तेवढ्यावरही जाऊ नये. आत्याच्या चष्म्याला काळा दोरा बांधलाय. भाच्याने आणलेली साखळी डबीतच आहे, कारण दोऱ्याबद्दल तिची तक्रारच नाही. झाकणाला मात्र ती रोज शिव्या घालते. फरक इतकाच, पण तो तिथे बसल्याशिवाय कळत नाही.

नव्या पेठेत एका स्टेशनरीच्या दुकानात गेले, पिशवीत जुना पेपर घेऊन. आपण शाळेत वापरतो ती HB. H म्हणजे कडक शिसं, B म्हणजे काळं आणि मऊ. B मागचा आकडा वाढेल तसं आणखी मऊ. दुकानदाराला विचारून पेपरावरच लिहून बघितलं. 6B न दाबता काळीभोर उमटली, पण कोड्याच्या चौकोनात ‘चिं’ लिहिला तर वेलांटी आणि अनुस्वार एकमेकांत गेले. 4B बरी होती, पण तळहाताला काळं लागत होतं आणि टोक लवकर बोथट होत होतं. 2B वर थांबले. डझनभर पेन्सिली, नवं शार्पनर (जुन्या पात्यात मऊ शिसं तुटतं), आणि परीक्षेला मुलं नेतात ते चाप असलेलं पॅड. निरंजनाच्या पैशात असे कितीतरी संच आले असते, त्यामुळे देताना मला थोडी लाजच वाटली, हे कबूल करते.

ओवाळणं झालं, फोटो झाले, बारावी चादर कपाटात गेली. दुपारी पाहुणे पांगल्यावर आत्याने पॅडच्या चापात पेपर अडकवला. दोन-चार शब्द भरले. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, “ठळक उमटतंय की गं! आता चुकलेलं पण दिसणार सगळ्यांना.”

आणि लगेच, “खोडरबर कुठंय?”

तो मी आणला नव्हता.