कॅसेटची दुसरी बाजू

"मैत्रिणीच्या पन्नासाव्या वाढदिवसाला भेट देताना चार शब्द बोलायचे आहेत. तुम्ही काय बोललात आणि ते कसं ठरवलंत?"

आधी भेट सापडली, भाषण तिच्यातूनच निघालं. दहावीच्या सुट्टीत आम्ही दोघींनी टेपरेकॉर्डरसमोर बसून स्वतःचं रेडिओ केंद्र चालवलं होतं. ती बातम्या द्यायची, मी हवामान सांगायचे. ती 60 मिनिटांची कॅसेट माझ्या कपाटात होती. लावली तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा. फितीला हेडवर दाबून धरणारा आतला छोटा तुकडा गोंद वाळून निसटला होता. कॅसेट स्क्रूची होती, म्हणून ती उघडून फितीची दोन्ही रिळं दुसऱ्या चांगल्या कॅसेटमध्ये बसवली. फीत पुन्हा पुन्हा वाजवायची भीती वाटत होती, म्हणून पहिल्याच फेरीत सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं.

दुसऱ्या बाजूच्या शेवटी तिचे बाबा ओरडतात, "पुरे आता, झोपा!" बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. तो आवाज भरल्या घरात, तिला न विचारता ऐकवायचा नाही, हे मी तिथेच ठरवलं.

भाषणाचा पहिला खर्डा दहा मिनिटांचा झाला. शाळा, नोकरी, लग्न, आजारपण, सगळंच त्यात. मोठ्यानं वाचल्यावर कळलं, अर्ध्या पाहुण्यांना यातलं काही माहीत नाही. त्यांना प्रत्येक गोष्टीचा संदर्भ द्यावा लागणार आणि तेवढ्यात मैत्रीण हरवणार. मग बाकी सगळं काढलं, ती एक दुपार ठेवली: बंद खोली, टेपरेकॉर्डर, वहीत लिहिलेल्या खोट्या बातम्या. जेमतेम तीन मिनिटं. कॅसेटची डबी शेवटपर्यंत पदराखाली ठेवली, कारण वस्तू आधी दिसली की लोक तिच्याकडेच बघत राहतात.

शेवटचं वाक्य मात्र पाठ केलं होतं, कारण घरी दर वेळी तिथेच गळा दाटायचा. "आता त्या दिवसाची मुख्य बातमी." एवढंच म्हणून बटण दाबलं. फोनचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही, हे आधी तपासल्यामुळे तो स्पीकरला जोडला होता. सोळा वर्षांची ती बोलू लागली: "गणिताचा निकाल लागण्यापूर्वीच दोन मुली पसार झाल्याचं वृत्त आहे." वीस सेकंदांनी मी बंद केलं आणि डबी तिच्या हातात दिली. त्यानंतर काही बोलले नाही. ती रडत हसत होती, त्यावर आणखी बोलणं मला जमलं नसतं.

पाहुणे गेल्यावर तिला बाजूला घेऊन सांगितलं, दुसऱ्या बाजूला बाबा आहेत. कधी ऐकायचं ते तू ठरव. तिनं कॅसेट पर्समध्ये ठेवली. आठ दिवसांनी रात्री तिचा फोन आला.

"बाबा अजून रागावतायत गं आपल्यावर."