दहा एचपीच्या मोटारीला मीटर बसवताना: माझा अनुभव

निफाड तालुक्यात नदीकाठावर आमची दहा अश्वशक्तीची मोटार आहे. तिच्यावर तीन एकर द्राक्षबाग आणि सुमारे तेवढाच उन्हाळ कांदा भिजतो. जोडणी वडिलांच्या काळातली असल्यामुळे तिला मीटर नव्हता आणि बिल एचपीवर येत असे, म्हणजे मोटार चालो वा न चालो, दर महिन्याला प्रति एचपी ठरलेली रक्कम. मीटर बसवून घ्यावा की आहे तेच चालू ठेवावे, हा प्रश्न घरात अनेक वर्षे चर्चेत होता. तो आम्ही ज्या हिशेबाने सोडवला, तो हिशेब आणि त्यानंतर मीटर बसेपर्यंतची वाटचाल येथे मांडत आहे.

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे चालू बिल शासन भरते. त्यामुळे तीन, पाच किंवा साडेसातच्या मोटारी असलेल्यांना सध्या या तुलनेने खिशात फरक पडत नाही. खरा प्रश्न आहे तो त्याहून मोठ्या मोटारींचा, आणि नदीवरून लांब पाइपलाइन करून पाणी उचलणाऱ्यांकडे बहुधा अशाच मोटारी असतात. मात्र ज्यांची मोटार प्रत्यक्षात साडेसातची असून बिलावर मंजूर भार दहाचा लागला आहे, त्यांनी मीटरचा विचार करण्याआधी मोटारीवरची पाटी आणि बिलावरचा भार ताडून पाहावा आणि भार दुरुस्तीचा अर्ज करावा. विनामीटर बिलात गुणाकार होतो तो बिलावरच्या एचपीचा, पंपघरातल्या एचपीचा नव्हे.

गावात या विषयावर ठाम मते दोनच ऐकू येतात. एक म्हणजे, 'मीटर बसवला की बिल वाढते.' दुसरे म्हणजे, 'मीटरचा दर स्वस्त असतो.' दोन्ही विधाने अर्धवट आहेत, कारण एचपीवरचा दर म्हणजे मुळात गृहीत धरलेल्या तासांचे बिल असते. मीटर नसलेली मोटार वर्षाला किती तास चालते, याचा काही तरी अंदाज धरल्याशिवाय असा दर ठरवताच येत नाही. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकांत विनामीटर शेतीपंपांसाठी विभागांचे दोन गट केले जात, ते प्रति एचपी वर्षाला १३१८ तास या वापराच्या निकषावरूनच. हा आकडा मला कळला आणि प्रश्न एकदम सोपा झाला: आमची मोटार गृहीत तासांपेक्षा जास्त चालते की कमी?

त्यासाठी दोन गोष्टी मोजणे आवश्यक होते, तासाला लागणारे युनिट आणि वर्षाचे तास.

तासाचे युनिट काढताना बहुतेक जण एका एचपीला ०.७४६ किलोवॉट धरून दहा एचपीला साडेसात युनिट म्हणून मोकळे होतात. पण ०.७४६ हा मोटारीच्या शाफ्टवर मिळणाऱ्या शक्तीचा आकडा आहे. मोटार स्वतः तापते आणि त्यात काही वीज जाते, त्यामुळे पूर्ण भारावर तारेतून आत येणारी वीज त्याहून जास्त असते. आम्ही ओळखीच्या वायरमनला टाँग टेस्टर घेऊन बोलावले. पंप पूर्ण पाण्यावर चालू असताना त्याने तिन्ही फेजचा करंट पाहिला, तो सरासरी साडेचौदा अँपिअर होता, आणि व्होल्टेज ४०० होते. पॉवर फॅक्टर ०.८४ धरला. १.७३२, ४००, १४.५ आणि ०.८४ यांचा गुणाकार करून हजाराने भागले की ८.४ येतात. म्हणजे आमची मोटार तासाला ८.४ युनिट घेते. नदीच्या पाण्याची पातळी आणि व्होल्टेज यांप्रमाणे हा आकडा थोडा हलतो, पण वर्षाच्या हिशेबाला तो पुरेसा आहे.

वर्षाचे तास मोजणे मात्र संयमाचे काम निघाले. स्टार्टरच्या पेटीत तास मोजणारे छोटे यंत्र बसवून आम्ही वर्षभर दर महिनाअखेरीस त्यावरचा आकडा वहीत लिहीत गेलो. अंदाजाने सांगायला गेलो असतो तर मी दीड हजार तास सांगितले असते, कारण मनात राहतात ते एप्रिलच्या खरड छाटणीनंतरचे आणि मार्चमधल्या कांद्याच्या बाऱ्यांचे दिवस. पावसाळ्यातले महिने आठवणीतून गळून जातात. वहीने दाखवले ते असे: जून ते सप्टेंबर ८० तास, ऑक्टोबर ते जानेवारी ४२० तास आणि फेब्रुवारी ते मे ४८० तास. एकूण ९८० तास. बागेला ठिबक असल्यामुळे आणि पावसाळ्यात मोटार जवळपास बंद राहत असल्यामुळे तास इतके कमी आले होते, आणि एचपीचे बिल मात्र त्या चार महिन्यांचेही पूर्ण लागत होते.

आता तुलना. दर आयोगाच्या आदेशाप्रमाणे बदलतात, शिवाय पाच एचपीपर्यंत, पाच ते साडेसात आणि साडेसातच्या वर असे टप्पेही असतात. म्हणून पुढील हिशेबात मी समजण्यासाठी गोल आकडे धरतो, वाचकांनी त्या जागी आपल्या बिलावरचे दर घालावेत. विनामीटर दर प्रति एचपी महिन्याला ५०० रुपये धरू. मीटरवाल्यांना वहन आकारासह सर्व मिळून युनिटला साडेचार रुपये आणि शिवाय प्रति एचपी महिन्याला ५० रुपये स्थिर आकार धरू. हा स्थिर आकार पुष्कळ जण तुलनेत विसरतात, आणि मग पहिले बिल आल्यावर फसवणूक झाल्यासारखे वाटते.

दहा एचपीला विनामीटर वर्षाचे ६०,००० रुपये झाले. मीटरवर स्थिर आकाराचे ६,००० रुपये, अधिक ९८० तासांचे ८,२३२ युनिट आणि त्यांचे ३७,०४४ रुपये, असे एकूण ४३,०४४ रुपये. वर्षाला जवळपास सतरा हजारांचा फरक.

दोन्ही बिले समान होतात तो बिंदू काढणे त्याहून उपयोगाचे आहे. साठ हजारांतून स्थिर आकाराचे सहा हजार वजा केले की चोपन्न हजार उरतात. त्यांना साडेचारने भागले की १२,००० युनिट, आणि त्यांना ८.४ ने भागले की सुमारे १,४३० तास. या दरांनी वर्षाला इतक्या तासांच्या आत मोटार चालत असेल तर मीटर स्वस्त, त्यापुढे गेल्यास एचपीचे बिल स्वस्त. आम्ही साडेचारशे तास अलीकडे होतो, म्हणजे एखाद्या वर्षी पाऊस लांबला तरी निर्णय उलटणार नव्हता. हे अंतर शंभर तासांचेच असते, तर मी आणखी एक वर्ष थांबलो असतो. कारण एकदा मीटर बसला की पुन्हा एचपीच्या बिलावर परत जाण्याची वाट नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ५५ चा रोखच मीटरशिवाय वीज देऊ नये असा आहे, आणि नवीन शेतीजोडण्या मीटरनेच दिल्या जातात.

अर्जाचा भाग फार अवघड नव्हता. सातबारा, आधार, शेवटचे बिल आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडून अर्ज दिला. थकबाकीचा प्रश्न निघू नये म्हणून आधीचे बिल भरून पावती सोबत लावली होती. मीटर बसवला त्या दिवशी मी मुद्दाम पंपावर थांबलो आणि पाहणी अहवालावर मीटरचा क्रमांक व सुरुवातीचे रीडिंग लिहिल्याची खात्री करून त्याचा फोटो घेतला. मग आमचा जुना आकडा पडताळला. मीटरवर एका युनिटला ८०० पल्स असे छापलेले होते. मोटार चालू करून लाल दिव्याची एका मिनिटातली उघडझाप मोजली, ती ११२ भरली. साठने गुणून आठशेने भागले की बरोबर ८.४ युनिट. मीटर जलद धावतो की नाही, या शंकेचे उत्तर तिथेच मिळाले.

खरी अडचण नंतर आली. शेतीचे बिल तिमाही येते, आणि आमच्या पहिल्या तिमाहीचे बिल रीडिंग न घेताच सरासरीने लावलेले होते. हे ओळखणे सोपे आहे: मागील आणि चालू रीडिंगच्या रकान्यांत एकच आकडा होता, पण वापरलेल्या युनिटच्या रकान्यात मात्र मोठी संख्या होती. अशा बिलाने मीटर घेण्याचा सारा उद्देशच नाहीसा होतो, कारण सरासरी म्हणजे पुन्हा गृहीत धरलेले तासच. आम्ही मीटरचा तारखेसह फोटो, सुरुवातीच्या रीडिंगचा अहवाल आणि तासांच्या वहीची प्रत जोडून लेखी तक्रार दिली व पोच घेतली. पुढच्या बिलात फरक वळता होऊन आला. तेव्हापासून तिमाही संपताना मीटरचा फोटो घेऊन ठेवतो. ज्याला हे सातत्याने जमणार नाही, त्याने मीटरच्या स्वस्ताईवर फार विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमचे पाहून शेजारच्या मळ्यातले नाना विचारायला आले. त्यांचीही मोटार दहाचीच, पण ऊस आहे, तोही पाटपाण्यावर, आणि स्टार्टरला ऑटो लावलेला. "लाईट आली की मोटार सुरू, गेली की बंद. आपण कुठं रात्री बघायला जातो?" असे ते म्हणाले. आम्ही त्यांच्या पेटीत तास मोजण्याचे यंत्र बसवले. वर्षाला १,९०० तास भरले. त्यांच्या मोटारीला आमच्याइतकेच युनिट धरले, तर मीटरवर त्यांचे बिल ७७,८२० रुपये झाले असते, म्हणजे एचपीच्या बिलापेक्षा जवळपास अठरा हजारांनी जास्त.

"मग नाना, तूर्त मीटर घेऊ नका," असे मीच त्यांना सांगितले. पुढच्या लागणीला अर्ध्या उसाला ठिबक करायचे त्यांनी ठरवले आहे. यंत्र तसेच ठेवून त्या वर्षाचे तास पाहायचे आणि मगच अर्ज करायचा, असे आमचे ठरले आहे.