फ्लॅटमेटला सुगंधाबद्दल लिहिलेला निरोप

माझ्या फ्लॅटमेटने तिच्या खोलीत रीड डिफ्यूझर, म्हणजे सुगंधी तेलात काड्या उभ्या केलेली बाटली, आणून ठेवला, तेव्हा पहिले दोन दिवस मलाही तो वास आवडला होता. तिसऱ्या आठवड्यात मात्र सकाळी स्वयंपाकघरात गेले की माझे डोके दुखू लागे आणि धुऊन वाळवलेल्या टॉवेललाही तोच वास येई.

मी पहिल्यांदा लिहिलेला निरोप, ‘तुझ्या खोलीचा वास फार उग्र आहे’, असा होता. तो मी पाठवला नाही, कारण एकाच वासात सतत बसणाऱ्याला तो थोड्याच वेळात जाणवेनासा होतो, आणि त्यामुळे माझे म्हणणे तिला अगदी प्रामाणिकपणे अतिशयोक्तीचे वाटले असते. आधी वास बाहेर कसा येतो हे पाहावे, म्हणून मी टिश्यू पेपरची एक पातळ पट्टी तिच्या बंद दाराच्या खालच्या फटीसमोर धरली. एरवी ती पट्टी स्थिर राहत होती. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा लावताच ती हॉलच्या दिशेने वळली. पंखा घरातली हवा बाहेर फेकत होता आणि तिची भरपाई तिच्या खोलीतून होत होती. म्हणजे दोष एकट्या तिच्या डिफ्यूझरचा नव्हता, आणि हे मला निरोपात लिहिणे आवश्यक वाटले.

शेवटी मी असे लिहिले: ‘तुझ्या डिफ्यूझरचा वास, विशेषतः एक्झॉस्ट चालू असताना, हॉलमध्ये आणि स्वयंपाकघरात बराच येतो आणि त्याने माझे डोके दुखते. खोलीत बसून तो तुला जाणवत नसेल, हे मी समजू शकते. डिफ्यूझर काढून टाक असे माझे म्हणणे नाही. आठवडाभर त्यातल्या काही काड्या कमी करून पाहशील का? एक्झॉस्ट लावताना स्वयंपाकघराची खिडकी मी आठवणीने उघडीन. संध्याकाळी भेटलो की बोलू.’ हा निरोप मी फक्त तिलाच पाठवला, घराच्या ग्रुपवर नाही. चारचौघांत सांगितले असते तर तिला ओशाळवाणे झाले असते.

संध्याकाळी तिनेच विषय काढला. वास कमी झाला असे वाटून ती दर दोन दिवसांनी आठही काड्या उलटत होती, आणि उलटलेल्या काडीचे तेलात भिजलेले टोक वर आले की वास पुन्हा वाढतो. आम्ही तीन काड्या ठेवल्या, उरलेल्या पाच पुसून पिशवीत घट्ट बांधल्या, कारण उघड्यावर त्याही दरवळत राहिल्या असत्या. डिफ्यूझरला बटण नसते. काड्या कमी करणे हाच तो मंद करण्याचा सोपा मार्ग.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातला वास बराच उतरला. हॉलच्या पडद्यांना मात्र तो धुईपर्यंत येत राहिला, आणि त्याबद्दल मी तिला पुन्हा काही लिहिले नाही. पडदे आम्ही दोघींनी मिळून रविवारी धुतले.