सही मिळाली, तारीख नडली

धनत्रयोदशीच्या दिवशी, 29 ऑक्टोबर 2024 ला, दुपारी पेमेंट गेटवेचा मेल आला. अमेरिकेतल्या एका गिऱ्हाइकाने कार्डाच्या बँकेकडे तक्रार केली होती. 265 डॉलर, म्हणजे साधारण बावीस हजार रुपये, आमच्या खात्यातून आधीच वळते झाले होते आणि उत्तर द्यायला सात दिवस होते. सात दिवसांत लक्ष्मीपूजन, पाडवा आणि भाऊबीज.

आमचा पेणला गणपतीचा कारखाना. सासऱ्यांच्या वडिलांपासूनचा. मी बी.कॉम. असल्यामुळे लग्नानंतर कॉम्प्युटर माझ्याकडे आला, आणि परदेशी ऑर्डरीही. लोकांना वाटतं, मूर्ती परदेशी पाठवणं म्हणजे ती फुटू नये एवढंच. फुटण्याचं आम्ही केव्हाच निस्तरलंय. खरा मार भाड्याचा असतो. बारा इंची शाडूची मूर्ती खोक्यासकट सात किलो भरते, पण कुरिअरवाला खोक्याची लांबी, रुंदी, उंची गुणून 5000 ने भागतो. 45 बाय 40 बाय 40 सेंटीमीटरच्या खोक्याचे 14.4 किलो होतात आणि भाडं त्या वजनाचं लागतं. म्हणजे आपण निम्मे पैसे थर्माकोल आणि हवा विमानाने पाठवायचे देतो.

तर ही मूर्ती. न्यू जर्सीच्या गृहस्थांनी 30 जुलैला ऑर्डर दिली. सासऱ्यांनी 7 ऑगस्टला डोळ्यांची आखणी केली. ते काम ते अजून दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाहीत. मी त्याच दिवशी पॅकिंग करून घेतलं. पण भाऊजींनी खोका ठेवून घेतला, कारण पनवेलचा एजंट दहा खोकी एकदम दिली की दर कमी लावतो. दहा भरेपर्यंत 16 तारीख उजाडली. नऊ दिवस गेले आणि प्रत्येक खोक्यामागे काही शेकडे वाचले. भाऊजींना तेव्हाही वाटत होतं की त्यांनी व्यवहार केला, आजही वाटतं.

29 ऑगस्टला खोका अमेरिकेत उतरला आणि कस्टमने अडवला. कागदावर क्ले लिहिलेलं, त्यांनी विचारलं ही शेतातली माती आहे का. शाडू म्हणजे काय हे मी इंग्रजीत लिहून पाठवलं, तोवर तिकडे लेबर डेची जोडून सुट्टी आली. 6 सप्टेंबरला खोका सुटला. 7 तारखेला, शनिवारी, चतुर्थी. सोमवारी, 9 तारखेला दुपारी, मूर्ती घरी पोहोचली आणि घरातल्या बाईंनी सही करून घेतली.

तक्रारीचा कोड होता 13.1. व्हिसाच्या भाषेत याचा अर्थ माल किंवा सेवा मिळाली नाही. वाचून मला हसूच आलं. कारण ही एक गोष्ट मी शहाणपणाने केली होती. दोन वर्षांपूर्वी स्वस्तातल्या सेवेने पाठवलेल्या एका मूर्तीच्या ट्रॅकिंगवर फक्त दारापाशी ठेवलं, गावाचं नाव आणि पिनकोड एवढंच आलं होतं. त्या गावात हजारो दारं. घरनंबर नाही, सही नाही, ती केस मी हरले. तेव्हापासून सहीशिवाय पार्सल द्यायचं नाही, हे मी पनवेलच्या एजंटाला इतक्यांदा ऐकवलंय की तो माझा फोन आला की आधी तेच म्हणतो.

म्हणून या वेळी कागद भक्कम होते. बिल, त्यावरचा पत्ता, कुरिअरच्या पोचपावतीवर तोच पत्ता, सही, तारीख, वेळ. काट्यावर ठेवलेल्या खोक्याचा फोटो. वर एक पानाचं पत्र: काय विकलं, कुठे पाठवलं, कुणी घेतलं. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं मराठीत होतं, तेही शेजारी इंग्रजी देऊन जोडलं, कारण वाचणारा माणूस तिकडच्या बँकेतला आणि त्याला आपली लिपी कळत नाही. त्याच्यासमोर अशा फाइलींचा ढीग असणार, तेव्हा पहिल्या पानावर मुद्दा नसेल तर दहावं पान तो कशाला उघडेल. हे काम करताना मला माझा अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू.

भाऊजी म्हणाले, कशाला एवढं, पैसे परत देऊन टाक, सण आहे. त्यांना हे कळायला वेळ लागला की पैसे आधीच गेलेत. तक्रार उघडी असताना वर परतावा दिला, तर तेच पैसे दोनदा जाऊ शकतात, आणि दुसऱ्यांदा गेलेले परत आणायला मग नुसती पत्रापत्री. नवऱ्याने विचारलं, ओटीपी नव्हता का? नव्हता. आपल्याकडच्या कार्डांना ओटीपी लागतो, बाहेरच्या कार्डावर बऱ्याचदा लागत नाही. पण असता तरी इथे उपयोग शून्य. ओटीपीसारखी तपासणी झाली, की कार्ड मी वापरलंच नाही असं म्हणणाऱ्याचा बोजा सहसा बँकेकडे जातो. माल आला नाही म्हणणाऱ्याला ओटीपी काही विचारत नाही.

भाऊबीजेच्या रात्री फाइल चढवली. गेटवेच्या मदत कक्षातल्या मुलाला विचारलं, सगळं नीट आहे ना? तो म्हणाला, मॅडम, डॉक्युमेंट अपलोड झालंय. त्याच्या लेखी तेवढंच.

डिसेंबरात केस परत आली. गिऱ्हाइकाच्या बँकेने आमचं उत्तर मान्य केलं नव्हतं आणि या वेळी त्यांची कागदपत्रं सोबत होती. पहिलं पान आमच्याच वेबसाइटचा फोटो. भगव्या पट्टीवर मीच लिहिलेली ओळ: `Delivered before Ganesh Chaturthi`. दुसरं पान पंचांगाचं, 7 सप्टेंबरवर खूण. तिसरं पान बघून मी खुर्ची मागे सरकवली. ती माझी पोचपावती होती. तोच कागद, तीच सही. फक्त 9 सप्टेंबर या तारखेभोवती पेनाने गोल.

13.1 म्हणजे माल आला नाही एवढंच मी धरून चालले होते. ठरलेल्या तारखेपर्यंत आला नाही, हेही त्याच कोडात बसतं. तारीख कुठे ठरली होती? पट्टीवर. आम्ही तिला जाहिरात समजत होतो, बँकेने करार समजला. माझ्या फाइलीतला सगळ्यात भक्कम कागद समोरच्याचा साक्षीदार झाला होता.

तरी एक फट होती. माल उशिरा आला आणि घेतला, तर गिऱ्हाइकाने तो परत करायचा प्रयत्न केलेला असावा लागतो. आणि इथे चौथं पान होतं, 10 सप्टेंबरचा मेल. खोकं उघडलेलं नाही, दुकानातून दुसरी मूर्ती आणून बसवली, परत पाठवायचं लेबल पाठवा. हा मेल आमच्याकडे आलेला होता. मी तो वाचलाही होता. तिकडून परत आणायचं भाडं मूर्तीच्या वर गेलं असतं, म्हणून नंतर बघू म्हणून ठेवला आणि अनंत चतुर्दशीच्या धांदलीत विसरले. त्याआधी, 6 तारखेला, त्यांनी पैसे परत मागितले होते, तर भाऊजींनी परस्पर व्हॉट्सअ‍ॅप केलेलं: सोमवारी नक्की येईल साहेब, बाप्पाला नाही म्हणू नका. गिऱ्हाइकाने तेही जोडलं होतं, इंग्रजी अनुवादासकट.

विकलेली मूर्ती परत घेतली जात नाही, असं आमच्या साइटवर लिहिलेलं आहे की. कुठे? सगळ्यात खाली, तळाच्या बारीक लिंकमध्ये. असली अट पैसे भरायच्या वाटेवर, बटण दाबायच्या आधी गिऱ्हाइकासमोर यावी लागते आणि त्याने खूण करून मान्य करावी लागते. तळाशी दडलेली अट त्याने वाचली हे मी सिद्ध कशी करणार? आणि समजा वाचली असती, तरी ती उशिराच्या मालाला लागू पडते का, हा प्रश्न उरतोच.

पुढची पायरी होती कार्ड कंपनीच्या लवादाची. हरलो तर तिथली फीच मूर्तीच्या किमतीहून जास्त. मी केस सोडली. मूर्ती गेली, भाडं गेलं, बावीस हजार गेले, वर गेटवेचा दंड.

भाऊजी आजही म्हणतात, त्या बँकवाल्याला चतुर्थी काय कळणार, पंचांग जोडणारा माणूसच लबाड. मला तसं म्हणवत नाही. गणपती चतुर्थीला हवा, षष्ठीला नको, हे आम्हाला कुणी शिकवायला हवं? त्या माणसाने जे मागितलं ते मीही मागितलं असतं. राग येतो तो याचा, की खोक्याला उशीर झाला त्यातले नऊ दिवस आमचे होते, आठ कस्टमचे, आणि साइटवरच्या ओळीने सगळे सतरा माझ्या गळ्यात घातले.

ती पट्टी मी त्याच रात्री काढली. आता पैसे भरायच्या पानावर दोनच तारखा असतात. मूर्ती पेणहून कधी निघेल, आणि अमेरिकेसाठी शेवटची ऑर्डर कधी. 2025 ला चतुर्थी 27 ऑगस्टची, म्हणून मी शेवटची तारीख 15 जून ठेवली. भाऊजींनी आठवडाभर अबोला धरला, जुलैच्या ऑर्डरी गेल्या म्हणून. त्याखाली साध्या वाक्यांत: कस्टमचा उशीर आमच्या हातात नाही, पण मूर्ती चतुर्थीनंतर पोहोचली तर निम्मी रक्कम परत, मूर्ती तुमच्याकडेच. खूण केल्याशिवाय बटण चालत नाही. खुणेची वेळ, आयपी आणि त्या दिवशी अटींचं पान कसं होतं त्याची प्रत ऑर्डरीबरोबर साठते. निम्म्या रकमेची अट सासऱ्यांनी घातली. मला ती महाग वाटली होती.

मार्चमध्ये त्याच गृहस्थांचा मेसेज आला. खोकं अजून गॅरेजमध्ये आहे, उघडलेलं नाही. टाकवत नाही. या वर्षी हीच बसवली तर चालेल का, आणि चालत असेल तर पैसे कसे पाठवू. सासऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, प्राणप्रतिष्ठा झालेली नाही, रंग बघायला सांग, ठीक असेल तर बसव म्हणावं. पैशाचं ते काही बोलले नाहीत.

मी पेमेंट लिंक बनवायला घेतली. रकमेच्या रकान्यात बराच वेळ काही लिहिलं नाही. शेवटी निम्मी टाकली, आणि वर्णनात लिहिलं: 2024 ची मूर्ती, ग्राहकाकडे 9 सप्टेंबर 2024 रोजी पोहोचलेली, नवीन काही पाठवायचं नाही. पैसे दुसऱ्या दिवशी आले, त्याच कार्डावरून.