समोर बसलेल्यांना घोड्याची चालही माहीत नसते तेव्हा

‘आम्हाला सोंगट्या कशा चालतात तेही नीट माहीत नाही. अशा लोकांसाठी बुद्धिबळाच्या अंतिम डावाचं समालोचन तुम्ही कसं लिहिता?’

चाली वगळून लिहितो. संहितेत मी तीनच गोष्टी धरतो: डाव बरोबरीत सुटला तर काय होईल, घड्याळात किती वेळ उरलाय, आणि या घटकेला दोघांपैकी कोणाला डाव पुढे खेचायचाय, कोणाला मिटवायचाय. न खेळणाऱ्याला एवढं कळलं की तो खुर्चीच्या कडेला येऊन बसतो.

२०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात सिंगापूरला गुकेश आणि तेव्हाचा जगज्जेता, चीनचा डिंग लिरेन विश्वविजेतेपदासाठी खेळले, त्यातला चौदावा आणि शेवटचा डाव घ्या. शिकवताना मी नेहमी तोच घेतो. दोघांचे साडेसहा-साडेसहा गुण. म्हणून माझं पहिलं वाक्य पटाबद्दल नसतंच: ‘आज बरोबरी झाली, तर उद्या कमी वेळेचे जलद डाव खेळून निकाल लागेल. पांढऱ्या मोहऱ्यांच्या डिंगला ते चालणार आहे. काळ्या मोहऱ्यांच्या गुकेशला निकाल आजच हवाय.’ डाव वरवर थंड दिसला, तरी ही ओढाताण प्रेक्षकाला जाणवत राहते.

मधला मोठा भाग मी भराभर उरकतो. पहिल्या चाळीस चालींना प्रत्येकाला दोन तास मिळतात, नंतर अर्धा तास आणि दर चालीला तीस सेकंद. हे एकदा सांगितलं की पुरे. सुरुवातीला मी ‘इथे उंट मारला असता तर मग घोडा...’ असं बोलत सुटायचो. लोक दोन मिनिटांत आपसात बोलू लागायचे. मनातल्या मनात चार चाली पुढची मांडणी धरणं हे खेळणाऱ्याचं काम आहे, ते प्रेक्षकावर लादायचं नाही.

खरा कस लागतो पंचावन्नाव्या चालीला. पटावर दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट. गुकेशकडे दोन प्यादी, डिंगकडे एक. हत्ती आणि उंट जागेवर असेपर्यंत एका प्याद्याची कमतरता झाकता येते. तेवढ्यात डिंग आपला हत्ती गुकेशच्या हत्तीच्या वाटेत आणून ठेवतो. इथली संहिता मी अशी लिहिलीय:

‘हत्ती हत्तीला भिडलाय. तू माझा घे, मी तुझा घेतो, असं डिंग म्हणतोय. मारामारी झाली की डाव साधा होईल, बरोबरी जवळ येईल, असा त्याचा हिशोब आहे. पण त्याचा उंट बघा, पार कोपऱ्यात. हत्ती गेले, की काळा उंट त्याच रेषेवर मध्ये येऊन उभा राहील आणि या उंटाला पळायला जागा उरणार नाही. म्हणजे उंटही जाणार. मग उरतील फक्त राजे आणि प्यादी. आणि प्यादी कोणाची जास्त आहेत?’

इथे मी थांबतो. उत्तर लोकांनी द्यायचं. सभागृहातून ‘गुकेशची!’ असा आवाज आला, की ज्याने आयुष्यात पट मांडला नाही त्याच्याही लक्षात आलेलं असतं की डाव फिरला.

याच जागी एक घोटाळा हमखास होतो. पडद्यावर संगणकाच्या मते कोणाचं पारडं जड आहे ते दाखवणारी पांढरी-काळी पट्टी असते. डिंगचा हात हत्तीवरून निघताच ती काळ्या बाजूला झुकते आणि लोक ओरडतात. समालोचकही पट्टीमागे धावला, तर खेळाडूने मूर्खपणा केला असा समज पसरतो. मला ते सहन होत नाही. खेळाडूंना ती पट्टी दिसत नाही. अडीच आठवडे तासन्‌तास डोकं झिजवून ते तिथे बसलेले असतात. म्हणून मी लगेच म्हणतो, ‘हे आपल्याला दिसलंय. गुकेशला अजून स्वतः शोधायचंय. पट्टी सोडा, त्याचा चेहरा बघा.’ त्यानंतर मी गप्प. संहितेत तिथे कंसात ‘बोलू नको’ असं लिहून ठेवलंय, कारण बोलायचा मोह फार होतो.

पुढे हत्ती जातात, उंट जातात. अठ्ठावन्नाव्या चालीनंतर दोन राजे समोरासमोर, मध्ये एकच घर, आणि चाल डिंगची. हे मात्र मी सावकाश सांगतो: ‘बुद्धिबळात पाळी सोडता येत नाही. त्याचा राजा हलला नाही तर वाट अडलेली राहील. पण हलावंच लागेल, आणि तो हलला की काळा राजा आत शिरेल, मग प्यादं शेवटच्या घरापर्यंत जाऊन वजीर होईल.’ डिंगने ते पाहिलं आणि डाव सोडला.

त्यानंतर अठरा वर्षांचा गुकेश रडत होता, आणि रडता रडता सोंगट्या पुन्हा सुरुवातीच्या जागी मांडत होता. तेवढ्यासाठी संहितेतलं अर्धं पान मी कोरं ठेवलंय.